शिकवणीच्या फीचे स्मरणपत्र : नोंद, भाषा आणि बाकी महिन्यांचा उल्लेख

खासगी शिकवणी घेणारा शिक्षक पालकांना दरमहा जो फीचा निरोप पाठवतो, तो आकाराने चार-सहा ओळींचा असला तरी पत्रव्यवहाराचा एक स्वतंत्र प्रकार आहे. तो बिलाहून आणि नोटिशीहून वेगळा असतो. बिलाने रक्कम प्रथम कळते आणि नोटिशीने हक्क बजावला जातो. स्मरणपत्र मात्र आधी ठरलेली आणि दोन्ही बाजूंना ठाऊक असलेली गोष्ट केवळ आठवून देते. त्यामुळे स्मरणपत्रात नवी अट येता कामा नये. उशिराचा दंड, वाढवलेली फी किंवा बदललेली तारीख यांपैकी काहीही प्रवेशाच्या वेळी सांगितलेले नसेल, तर ते आधी वेगळे कळवावे लागते. स्मरणपत्राच्या शेवटच्या ओळीत असे काही घुसवले, की पालकांचे लक्ष बाकीवरून उडून त्या नव्या अटीवर जाते आणि मूळ काम मागे पडते.

या निरोपाचे व्यवहारात दोन प्रकार आढळतात. पहिला सर्वसाधारण असतो. महिन्याच्या आरंभी सर्व पालकांना सारखाच जाणारा, ‘या महिन्याची फी दहा तारखेपर्यंत द्यावी’ एवढेच सांगणारा. त्यात कोणाचे नाव नसते, म्हणून तो व्हॉट्सॲपच्या समूहावर टाकला तरी चालतो. दुसरा प्रकार वैयक्तिक आहे. एका विद्यार्थ्याच्या नावाने, एकाच पालकाला जाणारा आणि कोणत्या महिन्यांची फी राहिली आहे हे नावानिशी सांगणारा. पहिल्याला फारसे कौशल्य लागत नाही. दुसऱ्यात मात्र शिक्षकाची हिशेबवही, त्याची भाषा आणि पालकांशी असलेला त्याचा संबंध या तिन्हींचा एकत्र कस लागतो. या लेखाचा विषय हा दुसरा प्रकारच आहे.

मराठीत अशा विनंतीला जुनी आणि पक्की चौकट आहे. मायना, मजकूर आणि शेवट असे पारंपरिक पत्राचे तीन भाग. ‘स. न. वि. वि.’ म्हणजे ‘सप्रेम नमस्कार विनंती विशेष’ या चार अक्षरांत नमस्कार पुरा होतो आणि लिहिणारा लगेच कामाकडे वळतो. शेवटी ‘कळावे, लोभ असावा ही विनंती’ येते. या रचनेतली घेण्यासारखी गोष्ट अशी, की सौजन्य तिथे पत्राच्या दोन टोकांना असते आणि मधला मजकूर स्पष्ट असतो. आजच्या फोनवरच्या निरोपात नेमके उलट घडते. मायना गळून पडतो, शेवट उरत नाही आणि सगळे आर्जव मधल्या मजकुरात शिरून तोच मजकूर धूसर करते. ही संक्षेपाक्षरे आज पुन्हा वापरण्याचे कारण नाही, पण त्या जुन्या पत्राची मांडणी जशीच्या तशी उपयोगी पडते.

लिहायला बसण्यापूर्वी ‘महिना’ म्हणजे काय हे वहीत निश्चित असावे लागते. बहुतेक घरगुती वर्गांत इंग्रजी महिना धरतात आणि फी त्याच महिन्याच्या पाच किंवा दहा तारखेपर्यंत घेतात. काही ठिकाणी ती महिना संपल्यावर दिली जाते. पहिल्या पद्धतीत १५ नोव्हेंबरला नोव्हेंबरची फी बाकी ठरते, दुसऱ्या पद्धतीत ती अजून देय झालेलीच नसते. मधूनच प्रवेश घेतलेल्या मुलाचा महिना काही शिक्षक १८ तारखेपासून १७ तारखेपर्यंत मोजतात. अशा वेळी ‘जुलैची फी’ या शब्दांतून दोन्ही बाजूंना वेगवेगळे अर्थ लागतात, म्हणून तिथे ‘१८ जुलै ते १७ ऑगस्ट’ असाच उल्लेख करावा. गायन-वादनाच्या शिकवणीत आठ तासांचा एक महिना धरण्याची रीत आहे. तिथे महिन्याच्या नावापेक्षा तासांच्या तारखा दिलेल्या बऱ्या. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीची फी घेतात की नाही, मूल गैरहजर राहिले तर वजावट मिळते की नाही, हेही प्रवेशाच्या दिवशीच लिहून दिलेले असावे. स्मरणपत्रावरून होणारे बरेचसे वाद भाषेतून उद्भवत नाहीत. या न लिहिलेल्या नियमांतून उद्भवतात.

आता एक उदाहरण सविस्तर पाहू. सोयीसाठी विद्यार्थिनीला आर्या म्हणू. इयत्ता आठवी, विषय गणित, फी दरमहा १,२०० रुपये, त्याच महिन्याच्या १० तारखेपर्यंत देय. शिकवणी जून २०२५ मध्ये सुरू झाली. जूनची फी ९ जूनला आणि जुलैची ८ जुलैला रोख मिळाली, दोन्हींच्या पावत्या दिल्या. ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये काहीच आले नाही. १२ ऑक्टोबरला यूपीआयने १,२०० रुपये आले, पण त्यासोबत कोणत्या महिन्याची फी याचा उल्लेख नव्हता. त्यानंतर पुन्हा काही आले नाही. आज १५ नोव्हेंबर आहे.

एकूण रकमेत गोंधळ नाही. सहा महिन्यांचे ७,२०० रुपये होतात, मिळाले ३,६००, राहिले ३,६००, म्हणजे तीन महिन्यांची फी. पण कोणते तीन महिने? ऑक्टोबरमध्ये आलेली रक्कम ऑक्टोबरची धरली, तर ऑगस्ट, सप्टेंबर आणि नोव्हेंबर राहतात. ती सर्वांत जुन्या बाकीत जमा धरली, तर सप्टेंबर, ऑक्टोबर आणि नोव्हेंबर राहतात. रक्कम एकच असताना यादी बदलते, आणि पालक रकमेआधी यादीच वाचतात. ‘ऑक्टोबर बाकी’ हे शब्द दिसताच, ‘ऑक्टोबरमध्ये तर मी पैसे पाठवले होते’ हे त्यांना आठवते. शिक्षकाने आपली रक्कम नोंदवलीच नाही असा त्यांचा समज होतो, आणि मग संपूर्ण निरोपच त्यांना चुकीचा वाटू लागतो.

असाच प्रश्न व्यापारात आणि घरभाड्यात नेहमी येतो, आणि भारतीय करार कायद्याने (१८७२) तो कलम ५९ ते ६१ मध्ये सोडवून ठेवला आहे. एकाच माणसाकडून एकाच माणसाला अनेक स्वतंत्र रकमा येणे असतील, तर पैसे देणाऱ्याने ते कोणत्या येण्यापोटी आहेत हे सांगितले, किंवा परिस्थितीवरून ते उघड होत असले, तर पैसे स्वीकारणाऱ्याने ते तिथेच जमा धरले पाहिजेत. देणाऱ्याने काही सांगितले नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर ही निवड घेणाऱ्याला करता येते. दोघांनीही काही ठरवले नसेल, तर रक्कम काळाच्या क्रमाने, म्हणजे सर्वांत जुन्या येण्यात जमा होते. प्रत्येक महिन्याची फी हे स्वतंत्र येणे मानले, तर आपल्या उदाहरणात शिक्षकाला ती रक्कम ऑगस्टकडे लावता येते. कोणी बाराशे रुपयांसाठी न्यायालयात जात नाही. तरीही या तीन कलमांतला क्रम इतका न्याय्य आहे, की घरगुती वहीसाठीही तोच पाळावा असे माझे मत आहे. त्यातून निघणारे काम सोपे आहे : रक्कम कुठे जमा केली ते पालकांना सांगावे, आणि बाकीची यादी देण्याच्या आधी सांगावे.

हे न करता लिहिलेला मसुदा बहुधा दोन टोकांपैकी एका टोकाला जातो. एक टोक असे :

‘पालकांना वारंवार सांगूनही आर्याने तीन महिन्यांची फी भरलेली नाही. थकबाकी त्वरित जमा करावी, अन्यथा वर्गात बसू दिले जाणार नाही.’

यातला पहिला दोष कर्त्याचा आहे. फी आर्याने भरायची नसते, पण वाक्याने तिला कसूरदार ठरवले आहे. बहुतेक घरांत पालकांचाच फोन मूल अभ्यासाला वापरते, म्हणून हा निरोप आधी तीच वाचण्याची शक्यता मोठी आहे. दुसरा दोष असा, की ‘वारंवार’ या शब्दाला तारीख नाही. पालकांना एकदाच सांगितल्याचे आठवत असेल तर वाद तिथेच सुरू होतो. ‘थकबाकी’ हा शब्द वीजबिलाच्या आणि कर्जवसुलीच्या कागदावरचा आहे. वर्षभर ज्या घराशी बोलायचे आहे त्या घरासाठी ‘राहिलेली फी’ किंवा ‘येणे असलेली फी’ पुरेसे आहे. आणि ‘तीन महिने’ हे मोजमाप वाचणाऱ्याच्या दिवसाप्रमाणे सरकते. हाच निरोप डिसेंबरच्या दोन तारखेला उघडून पाहिला, तर ते तीन महिने कोणते हे पुन्हा शोधावे लागते. महिन्याचे नाव आणि वर्ष लिहिले की ही अडचण उरत नाही.

दुसरे टोक भिडस्त माणसाचे आहे :

‘आपणांस त्रास देत आहे, क्षमस्व. फीबद्दल आठवण करून द्यायची होती. आपल्या सोयीने, जमेल तेव्हा पाठवावी. घाई नाही.’

हा मसुदा सौम्य आहे, पण यात महिना नाही, रक्कम नाही, तारीख नाही. पालकांना आधी स्वतःचा हिशेब शोधावा लागतो, नाहीतर ‘नक्की किती?’ असे विचारावे लागते. असे विचारण्याचा संकोच वाटणारे पालक उत्तरच देत नाहीत. शिवाय ‘घाई नाही’ हे खरे नसते. शिक्षकालाही जागेचे भाडे द्यायचे असते, आणि महिन्याभराने त्याच माणसाने कडक निरोप पाठवला की पालक गोंधळतात. आपल्या कष्टाचे पैसे मागताना क्षमा मागण्याची गरज नाही. शिक्षकांमध्ये हा संकोच पिढ्यान्‌पिढ्या मुरलेला आहे आणि त्याची मुळे आदरणीय आहेत, परंतु तो संकोच मजकुरात उतरला की पालकांचे काम वाढते.

या दोन्हींतून घडवलेला मसुदा असा होऊ शकतो :

‘नमस्कार. कु. आर्या (इयत्ता आठवी, गणित) हिच्या शिकवणीच्या फीबाबत लिहीत आहे.
आपण १२ ऑक्टोबरला यूपीआयने पाठवलेले १,२०० रुपये मिळाले. ते ऑगस्ट २०२५ च्या फीपोटी जमा केले आहेत. माझ्या वहीप्रमाणे पुढील महिन्यांची फी यायची आहे :
सप्टेंबर २०२५ – १,२०० रुपये
ऑक्टोबर २०२५ – १,२०० रुपये
नोव्हेंबर २०२५ – १,२०० रुपये
एकूण – ३,६०० रुपये
ही रक्कम शनिवार, २२ नोव्हेंबरपर्यंत पाठवावी, ही विनंती. पाठवताना महिन्यांची नावे लिहिल्यास नोंद बरोबर होईल. एकदम देणे शक्य नसल्यास कधी व किती देता येईल ते कळवावे.
नोंदीत काही फरक वाटल्यास जरूर सांगावे, वही ताडून पाहू.’

यातला ओळींचा क्रम जाणूनबुजून ठेवलेला आहे. बंद पडद्यावर निरोपाची पहिली ओळ दिसते, म्हणून तिथे मुलीचे नाव आणि विषय एवढेच आहे. रकमेचा आकडा नाही. घरात फोन कोणाच्या हाती आहे हे शिक्षकाला माहीत नसते. त्यानंतर आधी मिळालेल्या पैशांची पोच आहे. देणे मागण्यापूर्वी आलेले मान्य केले, की वाचणाऱ्याचा आक्षेप जागच्या जागी विरतो. महिने एकाखाली एक लिहिले आहेत, कारण सलग वाक्यात ‘सप्टेंबर, ऑक्टोबर व नोव्हेंबरचे ३,६००’ असे लिहिले तर दर महिन्याचा आकडा वाचणाऱ्याला भागाकार करून काढावा लागतो. एखाद्या महिन्यात वजावट असेल तर तो भागाकारही चुकतो.

‘माझ्या वहीप्रमाणे’ हे दोन शब्द मला सर्वांत महत्त्वाचे वाटतात. ‘आपण फी दिलेली नाही’ हे विधान पालकांविषयी आहे आणि ते चुकले तर अपमान होतो. ‘माझ्या वहीप्रमाणे यायची आहे’ हे विधान वहीविषयी आहे, आणि चूक निघाली तर ती वहीत दुरुस्त होते. पालकांनी रोख रक्कम मुलाच्या दप्तरात पाठवली आणि ती पोचलीच नाही, दोन भावंडांपैकी एकाची फी दुसऱ्याच्या नावावर पडली, वडिलांऐवजी मामाच्या खात्यातून पैसे आल्याने ओळख पटली नाही, असे प्रकार कोणत्याही वर्गात घडतात. ही शक्यता मान्य करणारी भाषा नुसती मृदू नसते, ती खरीही असते.

क्रियापदाचाही विचार करावा लागतो. ‘पाठवा’ ही आज्ञा मित्राला शोभते. ‘पाठवणे’ हे कार्यालयीन परिपत्रकाचे रूप आहे. ‘पाठवाल का’ यातून पाठवणे ऐच्छिक असल्यासारखे वाटते. ‘पाठवावी, ही विनंती’ या रूपात कर्तव्य आणि आदर दोन्ही राहतात, शिवाय ते वडीलधाऱ्यांपासून तरुण पालकांपर्यंत सर्वांना चालते. ‘कृपया’ एकदा वापरला तर शोभतो. प्रत्येक ओळीत आला की त्यात वैताग ऐकू येतो.

मायन्यात थोडी सावधगिरी हवी. छापील नमुन्यातले ‘श्री./सौ.’ तसेच ठेवले तर निरोप सर्वांना गेलेला दिसतो. ‘सौ.’ लावताना घरची स्थिती माहीत असावी. शंका असल्यास ‘श्रीमती’ किंवा नुसते ‘नमस्कार’ बरे. फीचा व्यवहार घरात कोण पाहते हे प्रवेशाच्या वेळी विचारून ठेवावे आणि निरोप त्याच व्यक्तीला पाठवावा. आई-वडील दोघांनाही पाठवला, तर कधी दोघेही पैसे पाठवतात आणि कधी एकमेकांवर विसंबून कोणीच पाठवत नाही. प्रत्यक्ष भेटीत ‘आर्याची आई’ किंवा ‘ताई’ असे बोलणारे शिक्षक लेखी निरोपात एकदम ‘सन्माननीय पालक’ लिहितात, तेव्हा वाचणाऱ्याला दुरावा जाणवतो. रोजच्या संबोधनाच्या जवळ राहणे केव्हाही चांगले.

बाकी महिन्यांची यादी समूहावर कधीही टाकू नये. तिथे एका घराची अडचण सर्व घरांना कळते, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात मुलांनाही कळते. व्हॉट्सॲपची प्रसारण-यादी वापरणाऱ्यांनी लक्षात घ्यावे, की ज्या पालकांनी शिक्षकाचा क्रमांक आपल्या फोनमध्ये साठवलेला नसतो त्यांना तो निरोप पोचत नाही. शिक्षक पाठवल्याच्या समाधानात राहतो आणि पालकांच्या लेखी काही आलेलेच नसते. वेळेबाबत एकच नियम सांगता येत नाही. पगारदारांच्या घरी महिन्याचा पहिला आठवडा सोयीचा. ऊसपट्ट्यातल्या घरी कारखान्याचे बिल जमा होण्याची वेळ महत्त्वाची, आणि तिथे तीन महिन्यांची फी एकत्र येणे ही कसूर नसून तिथल्या मिळकतीचा क्रम आहे. अशा घरांसाठी दरमहाऐवजी हंगामाप्रमाणे तारखा ठरवून दिल्या तर स्मरणपत्राची गरजच कमी होते. परीक्षेच्या आदल्या दिवशी मात्र कोणालाही हा निरोप पाठवू नये.

आता उत्तराकडे वळू, कारण महिने नावानिशी लिहिल्याचा खरा उपयोग उत्तरात दिसतो. समजा, २० नोव्हेंबरला आर्याच्या आईने २,४०० रुपये पाठवले आणि सोबत लिहिले : ‘ऑक्टोबर, नोव्हेंबर.’ सप्टेंबर त्यांनी मुद्दाम सोडला आहे. जमा-क्रमाप्रमाणे हे पैसे आधी सप्टेंबरकडे लावावेत असा मोह शिक्षकाला होईल. पण आता देणाऱ्याने महिने सांगितले आहेत. पैसे स्वीकारले की ते त्याच महिन्यांत जमा धरावे लागतात. वही आता एवढेच सांगते, की सप्टेंबर २०२५ बाकी आहे. आणि हेही सांगते, की सप्टेंबरबद्दल त्यांच्या मनात काहीतरी आहे. हजेरी पाहिल्यावर कळते, की आर्या त्या महिन्यात आजारपणामुळे दोन आठवडे आली नव्हती. ‘तीन महिन्यांचे ३,६००’ एवढेच लिहिले असते, तर हा मुद्दा बाहेर आलाच नसता. उरलेले १,२०० रुपये नुसते रेंगाळत राहिले असते आणि दोन्ही बाजूंनी त्याचे कारण मनातल्या मनात वेगवेगळे धरले असते.

यापुढचा निरोप स्मरणपत्राचा नसतो. तिथे फोन करावा. गैरहजेरीची वजावट मिळणार नाही असे प्रवेशाच्या वेळी लेखी दिले असेल, तर ते शांतपणे दाखवावे. दिले नसेल, तर तडजोड करणे योग्य. निम्मी फी ही अशा वेळी सर्रास मान्य होणारी मर्यादा आहे. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून पाठवावे : ‘सप्टेंबर २०२५ ची फी गैरहजेरीमुळे ६०० रुपये ठरली आहे. ती मिळाल्यावर नोव्हेंबरअखेरची बाकी राहणार नाही.’ रक्कम आली की पावतीवरही महिन्याचे नाव, मूळ फी आणि वजावट ही तिन्ही लिहावीत. रोख पाच हजार रुपयांहून अधिक रक्कम एकाच पावतीने घेतली, तर त्या पावतीवर एक रुपयाचे महसुली तिकीट लागते; वर्षाची फी एकदम देणाऱ्या पालकांच्या बाबतीत हे ध्यानात ठेवावे लागते. यूपीआयने आलेल्या रकमेसमोर व्यवहाराचा बारा अंकी क्रमांक वहीत उतरवून घ्यावा, म्हणजे मामाच्या किंवा आजोबांच्या खात्यातून आलेले पैसेही पुढच्या महिन्यात सहज ओळखता येतात.